गाव बदललं तरी चालणारी वाक्यं

(हैदराबादेत शिकणाऱ्या सीमाभागातल्या मराठी मुलामुलींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



आज मला निवेदनावर बोलायला सांगितलंय. निवेदन कसं लिहावं यावर नाही, लिहिलेल्या निवेदनातून काय काढावं यावर. आपल्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी निवेदन लिहिलंय. लिहिलंय म्हणजे काय, व्हॉट्सॲपवर आलेलं दुसऱ्या गावचं घेतलं, गावाचं नाव बदललं, तारीख बदलली, खाली चाळीस सह्या घेतल्या. मीही तेच केलं होतं. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे गावात सगळे म्हणाले, तू लिही, तुला येतं. मला येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच हैदराबाद संस्थानाशी जोडलेली आहे. डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर सदस्य. आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे. बिदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, औराद इकडे राहिले. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा काढून दिले. आपल्यापैकी कोण कुठल्या राज्याचं रेशनकार्ड बाळगतो, ते तेव्हा ठरलं.

या आयोगाला लोकांकडून किती कागद आले? एक लाख बावन्न हजार दोनशे पन्नास. हा आकडा अहवालाच्या सुरुवातीलाच आहे. आणि त्याच्या लगेच पुढे आयोग लिहितो की यातले बहुतेक कागद म्हणजे साध्या तारा आणि छापील ठराव, अमुक भाग अमुक राज्यात घाला एवढंच सांगणारे. विचारपूर्वक लिहिलेली निवेदनं दोन हजारांच्या वर नाहीत. म्हणजे शंभरात एखाददुसरं. बाकीच्या दीड लाख कागदांमागे माणसं होती, कुणी तरी तारेचे पैसे भरले होते, कुणी ठराव छापून गावोगाव सह्या घेत फिरलं होतं. आयोगाच्या लेखी ते सगळं एका वाक्यात आटोपलं. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत बसलो होतो आणि माझ्या मोबाइलमध्ये माझ्या गावचं निवेदन होतं. मी ते उघडून पाहिलं. ते त्या दीड लाखातलं होतं.

माझं गाव बिदर जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे. प्रश्न साधा होता. मराठीच्या बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यावर बीईओ साहेबांना द्यायचं निवेदन मी लिहिलं. वाचून दाखवतो. हसायचं तर हसा.

“वरील विषयास अनुसरून आपणास विनंतीपूर्वक निवेदन सादर करण्यात येते की, आमच्या गावातील मराठी भाषिक जनतेवर वर्षानुवर्षे अन्याय होत आहे. मराठी शाळेकडे प्रशासनाचे जाणीवपूर्वक दुर्लक्ष होत असून विद्यार्थ्यांचे प्रचंड शैक्षणिक नुकसान होत आहे व माता-भगिनींना पायपीट करावी लागत आहे. याबाबत वारंवार पाठपुरावा करूनही प्रशासन कुंभकर्णी झोपेत आहे. संविधानाने दिलेल्या हक्कांची पायमल्ली होत असून गावात तीव्र संतापाची लाट उसळली आहे. तरी आपण जातीने लक्ष घालून आम्हांस न्याय द्यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील.”

माता-भगिनींची पायपीट कुठून आली? मूळ नमुना पाणीपुरवठ्याचा होता. ती ओळ काढायची राहून गेली. सरपंचांसकट चाळीस जणांनी वाचून सही केली, कुणाला खटकलं नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली. खटकलं नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं. अशा मजकुरावरून डोळे नुसते घसरत जातात. आपल्याच माणसांचे घसरतात, मग साहेबांचे का थांबतील?

आता हे दुरुस्त कसं करायचं? मी एकच कसोटी वापरली. वाक्यातलं गावाचं नाव काढून दुसरं घाला. आदिलाबादचं घाला, निपाणीकडचं घाला, हवं तर विषयही बदला, शाळेऐवजी गटार म्हणा. वाक्य तसंच्या तसं चाललं, तर ते तुमचं वाक्य नाही. त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. माझ्या मसुद्यात रेघ नाही अशी एकच गोष्ट उरली, खालच्या सह्या.

मग मी पहिली चूक केली. रेघ मारलेल्या शब्दांऐवजी दुसरे शब्द शोधायला लागलो. ‘कुंभकर्णी झोप’ जुनं झालं म्हणून ‘अक्षम्य उदासीनता’. ‘पायमल्ली’ऐवजी ‘उल्लंघन’. तासभर हे केलं आणि पुन्हा तीच कसोटी लावली. सगळ्या रेघा परत तिथेच. तेव्हा लक्षात आलं की शब्द घासून गुळगुळीत झालेत हा वरवरचा दोष आहे. प्रत्येक घासलेल्या शब्दाच्या मागे मला काहीतरी माहीत नव्हतं. ‘वारंवार’ लिहिलं, कारण किती वेळा ते माहीत नव्हतं. ‘प्रचंड नुकसान’ लिहिलं, कारण मी दोन वर्षांत त्या शाळेत पाऊलही टाकलं नव्हतं. इथे हैदराबादेत खोलीवर बसून ते वाक्य सुधारणं शक्यच नव्हतं. मग दसऱ्याच्या सुट्टीत गावी गेलो, वही घेऊन.

एकेक वाक्य घेतो.

‘वर्षानुवर्षे अन्याय’. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, बाबा, बाई आठ वर्षं इथेच होत्या, बदली यंदा जूनमध्ये झाली. म्हणजे माझं पहिलं वाक्य चक्क खोटं होतं. आणि हे खोटं साहेबांच्या फायलीत एका मिनिटात उघडं पडलं असतं. गेल्या वर्षीपर्यंत शिक्षिका होती असा शेरा मारून कागद बंद. नमुन्यातल्या वाक्यांचा हा धोका फारसा कुणी सांगत नाही. ती नुसती कंटाळवाणी नसतात. ती आपल्याकडून नकळत अशी गोष्ट वदवून घेतात जी आपण स्वतःहून कधी बोललो नसतो.

‘प्रचंड शैक्षणिक नुकसान’. मी तिसरीच्या वर्गात दोन दिवस मागे बसलो. अकरा पोरं. त्यांना सांभाळणारे सर कन्नडचे, माणूस भला, पण मराठी वाचता येत नाही. ते गणित फळ्यावर सोडवून देतात, पोरं उतरवून घेतात. मराठीचं पुस्तक जून ते ऑक्टोबर दोन धड्यांच्या पुढे सरकलं नव्हतं, तेही चौथीतल्या एका मुलीने वाचून दाखवलेले. मी वहीत लिहिलं: तिसरीत अकरा मुलं, पाच महिन्यांत दोन धडे. ‘प्रचंड’ हा शब्द नंतर लागलाच नाही.

‘वारंवार पाठपुरावा’. सरपंचांना विचारलं, काका, आपण किती वेळा गेलो? काका म्हणाले, लई वेळा. मी म्हटलं, तारखा? खूप आठवाआठव झाली. शेवटी निघालं ते असं: दोनदा तोंडी भेटलो, एकदा कागद दिला, जुलैमध्ये. त्याची पोच घेतलेली नाही. हे ऐकून मला लाजच वाटली. पण लिहिताना खरं तेच लिहिलं. दोनदा भेटलो, जुलैत लेखी दिलं, पोच आमच्याकडे नाही, म्हणून सोबत त्याची प्रत जोडली आहे. काहींना वाटलं, आपली चूक आपण कशाला सांगायची? माझं मत वेगळं होतं. समोरच्याला ते माहीत असतंच. आपण आधी सांगितलं की बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसतो.

‘तीव्र संतापाची लाट’. हे वाक्य मला ठेवायचं होतं, खरं सांगतो. राग होताच ना. मग विचारत फिरलो की राग आलेल्या माणसाने केलं काय. चार घरांनी पोरं काढून हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या शाळेत घातली होती. रोज टेम्पो, महिन्याला पाचशे रुपये प्रत्येकी. त्यातलं एक घर ऊसतोडीला जाणारं आहे. मी एवढंच लिहिलं, चार मुलं, पाचशे रुपये, रोज हद्द ओलांडून. लाट लिहायची गरज उरली नाही.

‘संविधानाने दिलेले हक्क’. इथे मला कॉलेजचा उपयोग झाला. कुठला हक्क? अनुच्छेद ३५०-क, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. नीट ऐका, ‘प्रयत्न’ असा शब्द आहे. त्यामुळे नुसतं कलम आदळून भागत नाही. पण त्याच्या मागे एक जुना, मोजता येणारा आकडा आहे. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं आणि १९५६ च्या केंद्राच्या निवेदनाने ते उचललं: शाळेत त्या भाषेची चाळीस मुलं किंवा एका वर्गात दहा मुलं असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. आमच्या शाळेत सेहेचाळीस मुलं, तिसरीत अकरा. दोन्ही अटी पुऱ्या. ‘पायमल्ली’ या शब्दाने साहेब काही करू शकत नाहीत. चाळीसच्या समोर सेहेचाळीस ठेवलं की त्यांना तो आकडा खोडावा तरी लागतो, नाहीतर मान्य करावा लागतो.

‘न्याय द्यावा’. म्हणजे काय द्यावं? हा प्रश्न मी गावच्या बैठकीत विचारला आणि पाच मिनिटं कुणी बोललं नाही. न्याय मागायची आपल्याला एवढी सवय झालीय की नेमकं काय हवं ते ठरवायचं राहूनच जातं. कायमची जागा भरणं बीईओंच्या हातात नसतं, ते वरून होतं. त्यांच्या पातळीवर काय होऊ शकतं? जवळच्या शाळेतला मराठी शिक्षक आठवड्यातले काही दिवस पाठवणं, किंवा अतिथी शिक्षक नेमणं. मग मागणी अशी झाली: कायम शिक्षक येईपर्यंत दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवसापासून यांपैकी एक सोय करावी, आणि कायम जागेचा प्रस्ताव वर गेला असल्यास त्याचा क्रमांक आम्हाला द्यावा. ‘अन्यथा आंदोलन’ आपोआप गळालं. आंदोलन करायचं नाही असं नाही. पण करायचंच ठरलं तर ते वेगळं कळवू, तारखेसकट. प्रत्येक कागदाच्या शेवटी चिकटवलेली धमकी कुणी धमकी म्हणून वाचत नाही.

‘जातीने लक्ष घालून’ची एक मजा आहे. निवेदन आपण मराठीत देऊ शकतो; अनुच्छेद ३५० म्हणतो की गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. पण सोबत कन्नड प्रत दिली तर काम लवकर होतं, म्हणून माझ्या एका कन्नड मित्राला भाषांतराला बसवलं. तो या ओळीवर थांबला आणि म्हणाला, “अरे, यात जात कुठून आली?” मी समजावलं, जातीने म्हणजे स्वतः. तो म्हणाला, मग स्वतः असं लिही ना. ‘कुंभकर्णी झोप’वर म्हणाला, हे लिहू का खरंच? मला नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून माझी सवय झालीय. मसुदा दुसऱ्या भाषेच्या दोस्ताला ओळीओळीने सांगून बघतो. हैदराबादेत तर त्याला तोटा नाही, खोलीत तेलुगू, दखनी, कन्नड सगळे आहेत. जिथे मला ‘म्हणजे असं की…’ म्हणावं लागतं, तिथे बहुतेक पोकळ जागा सापडते.

आता एक दोन ठिकाणी सांभाळा. सगळंच काढायचं नसतं. ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘आपला विश्वासू’ हे ठरलेलं असतं आणि ठरलेलंच असावं. आवक-जावक बघणारा कारकून विषयाची ओळ वाचून कागद कुठल्या टेबलावर जाणार ते ठरवतो. तिथे वेगळं लिहायला गेलात तर कागद हरवेल. फक्त विषयही नेमका असू द्या. ‘मराठी भाषिकांवरील अन्यायाबाबत’ हा विषय कुठल्या टेबलाचा? ‘मराठी शाळेत शिक्षक नेमणेबाबत’ लिहिलं की तो शिक्षण खात्यात जाऊन पोचतो. तसंच मोर्चातल्या घोषणा. त्या घासलेल्याच हव्यात, हजार माणसांना एका दमात म्हणता यायला हव्यात. तिथे माझी पेन्सिल चालत नाही.

दुसरं म्हणजे इतिहास. माझ्या दुसऱ्या मसुद्यात मी दीड पान १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरू केलं होतं. महाजन आयोग, महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात घातलेला दावा, खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, लोकेच्छा, सगळं. मला वाटलं, हे तर अभ्यासाचं आहे, हे साचेबंद कसं असेल? पण कसोटी लावली आणि तेही पडलं. आपल्याकडचं प्रत्येक निवेदन तिथूनच सुरू होतं, मग ते एसटीचं असो नाहीतर पाटीचं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि बीईओ साहेबांसाठी शब्द न् शब्द निरुपयोगी. सीमा हलवणं त्यांच्या हातात नाही, शिक्षक हलवणं आहे. मी ते दीड पान काढलं. काढताना वाईट वाटलं, कारण त्यावर दोन रात्री घातल्या होत्या.

शेवटचं निवेदन एक पानाचं झालं. पहिलं वाक्य वाचतो: “आमच्या गावातील मराठी प्राथमिक शाळेत ४६ मुले असून जूनमध्ये मराठी शिक्षिकेची बदली झाल्यापासून मराठी शिकवणारे कोणी नाही.” यात कलाकुसर काही नाही. पण दुसऱ्या गावाला हे वाक्य उचलता येणार नाही. उचललं तरी आपली मुलं मोजावी लागतील. सह्या घेताना या वेळी वेळ लागला. लोक वाचत होते. एका आजोबांनी चूक काढली, ऊसतोडीचं घर एक नाही, दोन आहेत म्हणाले. दुरुस्त केलं आणि ते पान पुन्हा छापलं.

साहेबांनी पुढे काय केलं, हे विचाराल. या वेळी पोच घेतली होती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, कन्नडमध्ये: नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. वाचून हसूच आलं. साचे काय आपल्याकडेच आहेत होय? मग तीच कसोटी त्यांच्या वाक्यालाही लावली. कुठला नियम, कोण करणार, कधी? हे तीन प्रश्न तसेच्या तसे लिहून, पोचेचा क्रमांक टाकून, चार ओळींचं दुसरं पत्र दिलं. जानेवारीपासून शेजारच्या शाळेतले एक सर आठवड्यातून तीन दिवस येतात. बाकीचे तीन दिवस अजून तसेच आहेत. टेम्पोतली चार पोरं परत आलेली नाहीत. कायम जागेच्या प्रस्तावाचा क्रमांक मिळालेला नाही, तिसरं पत्र त्यासाठी लिहायचंय.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. सांगितल्याप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या गावचा एकेक कागद आणलाय ना? पेन्सिली इथे ठेवल्यात. आधी शेजाऱ्याशी कागद बदला, स्वतःच्या कागदावर रेघ मारताना हात थांबतो. तो मागे बसलेला आसिफाबादकडचा दोस्त, तुझ्याकडे दोन राज्यांना दिलेली दोन निवेदनं आहेत म्हणालास ना? ये, तुझ्यापासून सुरू करू.